चेक थांबवलाय खरा, पण तो थांबलाय का? नेट बँकिंगमध्ये नेमकं काय पाहायचं

४ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्याकडे चेक वटण्याचा वेग बदलला. त्याआधी दिवसभरात भरलेले चेक एका गठ्ठ्यात क्लिअरिंगला जायचे आणि पैसे दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर जमा व्हायचे. आता शाखेत चेक आला की तो स्कॅन होतो, त्याची प्रतिमा लगेच पुढे जाते आणि ज्या बँकेवर तो काढलेला आहे तिला त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत मंजूर की नामंजूर ते कळवावं लागतं. सातपर्यंत काहीच कळवलं नाही, तर चेक मंजूर धरला जातो.

पैसे घेणाऱ्याची यात मोठी सोय झाली. पण दिलेला चेक थांबवायचा असेल, तर हाताशी असलेला वेळ आता फार कमी उरलाय. सकाळी सूचना दिली आणि ती खात्यावर लागलीच नाही, तर संध्याकाळी पैसे गेलेले असू शकतात. म्हणून सूचना देण्याइतकंच ती लागली आहे का हे पाहणंही गरजेचं झालंय, आणि नेमकं हेच बरेच जण करत नाहीत. मेसेज आला की विषय संपला असं धरून चालतात.

दर महिन्याला आपोआप पैसे पाठवणाऱ्या सूचनेचंही असंच होतं. ती चालू आहे असं आपण समजतो आणि तिची मुदत कधीच संपलेली असते. किंवा ती बंद केली असं समजतो आणि पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा जातात.

आधी दोन शब्द समजून घेऊ

स्टॉप पेमेंट म्हणजे अमुक क्रमांकाचा चेक आला तर त्याचे पैसे देऊ नका, अशी खातेदाराने आपल्या बँकेला दिलेली सूचना. ती चेकच्या क्रमांकावर लागते. कोणाच्या नावाचा चेक आहे किंवा रक्कम किती, हे बँक विचारते, पण अडवणूक होते ती मुख्यतः क्रमांकावर. चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीत जे अंक छापलेले असतात, त्यातले पहिले सहा म्हणजे चेकचा क्रमांक. त्यानंतरचे नऊ अंक शहर, बँक आणि शाखा सांगतात. घाईत काही जण हेच नऊ अंक चेक क्रमांक समजून टाकायला जातात.

स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणजे ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम माझ्या खात्यातून अमुक खात्यात पाठवत राहा, ही कायमची सूचना. पुढे तिला आपण स्थायी सूचना म्हणू.

एक सूचना पैसे अडवते, दुसरी पैसे पाठवते. तरी तपासताना दोन्हींबद्दल प्रश्न एकच असतो: आपण दिलेली सूचना बँकेच्या नोंदीत आज, या क्षणी, लागू आहे का?

ओटीपी टाकला, मेसेज आला. अजून काय पाहायचं?

सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करून सांगितलं की अमुक माणसाला आत सोडू नका. सेक्रेटरी म्हणाले, ठीक आहे. पण गेटवरच्या वॉचमनच्या वहीत त्या माणसाचं नाव लिहिलं गेलं नसेल, किंवा चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर तो माणूस आत येणारच. बँकेचा मेसेज म्हणजे सेक्रेटरींचं ‘ठीक आहे’. चेक आल्यावर यंत्रणा बघते ती वही, म्हणजे खात्यावरची प्रत्येक चेकच्या पानाची नोंद.

मेसेज बहुतेक वेळा एवढंच सांगतो की विनंती मिळाली, तिचा संदर्भ क्रमांक हा. वैयक्तिक खात्यात विनंती आणि नोंद यांत सहसा काही सेकंदांचंच अंतर असतं. पण काही वेळा विनंती मध्येच अडकते. कंपनीच्या किंवा संस्थेच्या खात्यात एकाने टाकलेली विनंती दुसऱ्याने मंजूर करावी लागते. दुसऱ्याने लॉग इनच केलं नाही, तर ती Pending म्हणून पडून राहते आणि चेक मात्र वटू शकतो. जोडखात्यात दोघांच्या सह्या लागत असतील, तर काही बँका ही सोय नेट बँकिंगवर देतच नाहीत, शाखेत लेखी अर्ज मागतात. ओटीपीच्या पायरीवर पान अडकलं आणि आपण ते बंद केलं, तर विनंती पूर्ण झाली की नाही हे मेसेजवरून नीट कळतही नाही.

नोंद कुठे दिसते?

प्रत्येक बँकेच्या मेनूची मांडणी वेगळी असते, पण शोधायच्या गोष्टी तीनच. त्या बहुधा खात्यांच्या किंवा सेवा विनंत्यांच्या भागात, चेकबुकशी संबंधित पर्यायांत सापडतात.

पहिली आणि सगळ्यांत भरवशाची म्हणजे चेकची स्थिती दाखवणारं पान. त्याचं नाव Cheque Status, Cheque Status Enquiry किंवा यासारखं काही असतं. तिथे आधी खातं निवडायचं. एकाच बँकेत दोन खाती असतील, तर इथेच पहिली चूक होते: चेक एका खात्याचा आणि सूचना दुसऱ्या खात्यावर. मग चेकचा सहा अंकी क्रमांक टाकायचा. सुरुवातीला शून्यं असतील तर तीही टाकायची. उत्तरात त्या पानाची स्थिती एका शब्दात येते. Unused म्हणजे ते पान बँकेच्या लेखी अजून वापरलं गेलेलं नाही. Paid किंवा Passed म्हणजे पैसे गेले. Stopped म्हणजे स्टॉप पेमेंट लागू आहे. Returned म्हणजे चेक आला होता आणि परत गेला. शब्द बँकेनुसार थोडे बदलतात, अर्थ हेच.

इथे Unused या शब्दाने गोंधळ होतो. तुम्ही चेक फाडून, सही करून कोणाला दिलेला असतो, तरी बँकेला तो Unused दिसतो, कारण तो तिच्याकडे अजून आलेलाच नाही. त्यामुळे सूचना दिल्यावरही Unused दिसत असेल, तर सूचना त्या पानावर लागलेली नाही असा त्याचा अर्थ घ्यायचा आणि लगेच पुढचं पाऊल उचलायचं.

दुसरी जागा म्हणजे सूचना मागे घेण्याचा पर्याय, Revoke Stop Payment. ज्या बँकांमध्ये तो नेट बँकिंगवर आहे, तिथे थांबवलेल्या चेकांची यादीच समोर येते. त्या यादीत असलेले चेक म्हणजे आज थांबलेले चेक. फक्त पाहायला गेलात तर नुसतं पाहून बाहेर पडा, कारण त्याच पानावरून सूचना रद्दही होते.

तिसरी जागा म्हणजे विनंतीची स्थिती, Service Request Status. संदर्भ क्रमांक टाकला की विनंती पूर्ण झाली, प्रलंबित आहे की फेटाळली हे कळतं. अडकलेली विनंती शोधायला ही जागा उपयोगी पडते. पण चेक क्रमांकच चुकीचा टाकला असेल, तर इथे सगळं आलबेल दिसेल. म्हणून शेवटचा शब्द पहिल्या जागेचाच.

खात्यातून स्टॉप पेमेंटचं शुल्क कापलं गेलं म्हणजे सूचना लागली, असंही काही जण धरतात. शुल्क विनंतीचं असतं. योग्य चेक थांबला याचा तो पुरावा होत नाही. शिवाय काही बँका नेट बँकिंगवरून दिलेल्या सूचनेला शुल्क लावत नाहीत, त्यामुळे शुल्क न कापलं जाण्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

चार चेक, चार मेसेज

एक उदाहरण पाहू. एका खातेदाराने फर्निचरच्या कामासाठी कारागिराला पुढच्या तारखांचे सहा चेक दिले. प्रत्येकी २५,००० रुपयांचे, क्रमांक ४१२३०७ ते ४१२३१२, दर महिन्याच्या पाच तारखेचे. पहिले दोन वटले. मग काम अर्धवट राहिलं, दोघांनी मिळून करार संपवला, पण उरलेले चार चेक कारागिराकडून परत घ्यायचे राहून गेले. खातेदाराने ते थांबवायचं ठरवलं.

त्याच्या बँकेत एका वेळी एकच क्रमांक टाकता येत होता. त्याने चार वेळा विनंती दिली, चार ओटीपी टाकले, चार मेसेज आले. चारही विनंत्या यशस्वी. मग त्याने चेक स्थितीच्या पानावर जाऊन प्रत्येक क्रमांक तपासला. ४१२३०९ आणि ४१२३१० समोर Stopped. ४१२३१२ समोरही Stopped. पण ४१२३११ समोर Unused.

यंत्रणेचा दोष नव्हता. तिसऱ्या विनंतीत त्याने ४१२३११ ऐवजी ४१२३२१ टाकला होता. हे पानही त्याच्याच चेकबुकातलं, अजून कोरं. त्यामुळे यंत्रणेने ते निमूटपणे थांबवलं आणि खरा मेसेज पाठवला. ज्या चेकसाठी धडपड होती, तो मोकळाच राहिला.

आता त्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, ४१२३११ थांबवणं आणि पुन्हा स्थिती पाहणं. दुसरी सहज विसरली जाते: ४१२३२१ वरची सूचना मागे घेणं. नाहीतर सहा महिन्यांनी तेच कोरं पान तो कोणाला तरी देईल, खात्यात पैसे भरपूर असतील आणि चेक ‘काढणाऱ्याने पेमेंट थांबवलं’ या कारणाने परत येईल. ज्याला दिला त्याच्याशी उगाच वाईटपणा.

काही बँकांत पहिला आणि शेवटचा क्रमांक देऊन सलग चेक एकाच वेळी थांबवता येतात. अंक चुकण्याचा धोका त्यात कमी होतो, पण वेगळी अडचण येते. समजा, वरच्या खातेदाराने चुकून ४१२३०८ ते ४१२३१२ अशी मर्यादा दिली असती. ४१२३०८ तर आधीच वटलेला. अशा वेळी यंत्रणा सगळी विनंतीच फेटाळू शकते, आणि तो नकार पडद्यावर छोट्याशा लाल ओळीत येऊन जातो. म्हणून सलग चेक थांबवले असले, तरी स्थिती प्रत्येक पानाची पाहावी. निदान पहिलं, शेवटचं आणि ज्याची तारीख सगळ्यांत जवळची आहे ते पान तरी.

स्थिती दिसल्यावर पडद्याचा फोटो घ्या. त्यात खाते क्रमांकाचे शेवटचे अंक, चेक क्रमांक, स्थिती आणि तारीख-वेळ दिसायला हवी. पुढे वाद झाला, तर वेळच कळीची ठरते.

Unused दिसतंय, किंवा पानच उघडत नाहीये

एकदा लॉग आउट करून पुन्हा आत या आणि पाहा. तरीही स्थिती बदलली नसेल, तर उद्यावर टाकू नका. चेकवर आजची किंवा आधीची तारीख असेल, तर तो याच क्षणी कोणत्या तरी शाखेच्या काउंटरवर असू शकतो. बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावरून सूचना द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. जमत असेल तर शाखेत जा. लेखी अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व सहीबरोबर वेळही लिहून घ्या. नुसती तारीख पुरत नाही, कारण चेक आणि सूचना दोन्ही एकाच दिवशी पोहोचले, तर आधी कोण आलं हाच प्रश्न उरतो.

Stopped दिसत असूनही पैसे गेले, असं होतं का?

होऊ शकतं, आणि बहुतेक वेळा कारण वेळेचं असतं. चेकची प्रतिमा तुमच्या बँकेकडे आली, तिने मंजुरी कळवली आणि त्यानंतर तुमची सूचना आली, तर ती उशिरा आलेली सूचना. दिलेली मंजुरी तिच्यामुळे मागे फिरत नाही. अशा वेळी काही यंत्रणा सूचना घेतच नाहीत, तर काहींत आधी Stopped दिसलं तरी स्थिती नंतर Paid होते. म्हणून स्टॉप पेमेंट दिल्याच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर खातेउतारा एकदा पाहावा. चेक बाहेर फिरत असेल, तर त्याची मुदत संपेपर्यंत अधूनमधून नजर ठेवावी. चेकवर लिहिलेल्या तारखेपासून तीन महिने तो चालतो. त्यामुळे पुढच्या तारखेच्या चेकसाठी हे तीन महिने त्या पुढच्या तारखेपासून मोजायचे, दिल्या दिवसापासून नव्हे.

डिमांड ड्राफ्टचं मात्र वेगळं आहे. तो बँकेने स्वतःवर काढलेला असतो, त्यामुळे नेट बँकिंगवरच्या या सोयीने तो थांबत नाही.

आणखी एक समजूत नेहमी ऐकू येते: पॉझिटिव्ह पे भरलंच नाही, म्हणजे चेक आपोआप अडेल. पॉझिटिव्ह पे म्हणजे मोठ्या चेकचा तपशील खातेदाराने बँकेला आधीच कळवण्याची व्यवस्था. ती १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी उपलब्ध आहे. पाच लाख आणि त्यावरच्या रकमांसाठी ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. पण त्याखालच्या रकमेला तपशील दिला नाही म्हणून चेक परत येईल, यावर विसंबून चालत नाही. उदाहरणातले २५,००० चे चेक तर या व्यवस्थेत येतही नाहीत. चेक अडवायचा असेल तर मार्ग स्टॉप पेमेंटचाच.

स्टॉप पेमेंट केलं की चेक बाउन्सचा खटला होत नाही ना?

हा गैरसमज घातक आहे. खात्यात पैसे नव्हते म्हणून चेक परत आला तर गुन्हा आणि स्वतः थांबवला तर नाही, असा सोपा हिशोब कायद्यात नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली थांबवलेल्या चेकसाठीही तक्रार होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मोदी सिमेंट्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पुढच्या निकालांनी खातेदाराला बचावाची जागा ठेवली: चेक थांबवला तेव्हा खात्यात पुरेसे पैसे होते आणि थांबवण्याला योग्य कारण होतं, हे त्याला दाखवता येतं. पण ते दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते.

म्हणून वरच्या खातेदाराने नुसती Stopped ही स्थिती जपून भागणार नाही. करार संपवल्याचा कागद किंवा मेसेज, चेक परत मागितल्याची लेखी नोंद आणि त्या तारखांचा खातेउतारा हेही जपायला हवं. चेक परत आल्यावर समोरच्याने ३० दिवसांच्या आत नोटीस पाठवली, तर ती मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस असतात. अशी नोटीस आली तर वेळ न घालवता वकिलांना दाखवा.

चेक थांबवला, म्हणजे हप्ताही थांबला?

नाही. स्टॉप पेमेंट फक्त चेकच्या पानावर लागतं. स्थायी सूचनेवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. आणि खात्यातून आपोआप जाणारी प्रत्येक रक्कम ही स्थायी सूचनाच असते, असंही नाही. नेट बँकिंगमध्ये शोधाशोध करूनही सूचना सापडत नाही, त्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे: ती दुसऱ्याच खणात असते.

तुम्ही स्वतः बँकेला सांगितलेलं, अमुक खात्यात दर महिन्याला पाठवा, हे Standing Instructions किंवा Scheduled Transfers अशा नावाखाली पैसे पाठवण्याच्या भागात दिसतं. विमा कंपनी, म्युच्युअल फंड किंवा दुसऱ्या बँकेचं कर्ज यांना तुम्ही ‘माझ्या खात्यातून घेत जा’ अशी परवानगी दिली असेल, तर तो नॅचचा मँडेट. तो वेगळ्या यादीत असतो आणि त्याला यूएमआरएन नावाचा २० अक्षर-अंकी क्रमांक असतो. यूपीआयवरून दिलेली ऑटोपेची परवानगी यूपीआय ॲपमध्ये पाहायला मिळते. कार्डावरून जाणारी वर्गणी कार्डाच्या भागात. त्याच बँकेतल्या कर्जाचा किंवा आवर्ती ठेवीचा हप्ता असेल, तर तो अनेकदा त्या कर्जाच्या किंवा ठेवीच्या तपशिलातच नोंदलेला असतो.

कोणता खण उघडायचा हे ठरवायला खातेउतारा कामी येतो. मागच्या महिन्याची नोंद काढा आणि तिचा मजकूर वाचा. त्यात ACH किंवा NACH दिसलं तर मँडेट, UPI दिसलं तर ऑटोपे, SI दिसलं तर बहुधा स्थायी सूचना किंवा कार्डावरची परवानगी. बचत खात्याच्या उताऱ्यात दिसलेला SI सहसा पहिल्या प्रकारचा.

शाखेत कागदी अर्जावर दिलेल्या जुन्या स्थायी सूचना काही बँकांच्या नेट बँकिंगमध्ये दिसतच नाहीत. उताऱ्यात रक्कम दर महिन्याला जाते आहे आणि यादी मात्र रिकामी, असं असेल तर शाखेला लेखी विचारा: या खात्यावर आज लागू असलेल्या सर्व स्थायी सूचनांची यादी द्या. ‘माझी सूचना बंद करा’ एवढंच लिहिलं तर एक बंद होईल आणि दुसरी राहील.

Active दिसलं की पुरे?

पुरे नाही. Active म्हणजे सूचना रद्द झालेली नाही, एवढंच. पैसे खरंच जाणार का, हे शेजारच्या रकान्यांवरून कळतं.

पुढच्या वेळेची तारीख पाहा, म्हणजे Next Execution Date किंवा तत्सम रकाना. समजा, दर महिन्याच्या पाच तारखेला ८,००० रुपये घरभाडं पाठवायची सूचना आहे. आज १२ तारीख आहे आणि रकान्यात पुढच्या महिन्याची पाच तारीख दिसते, तर सूचना चालू आहे आणि या महिन्याची फेरी झालेली आहे. पण तिथे याच महिन्याची पाच तारीख दिसत असेल, तर काहीतरी अडलंय. उतारा पाहा: बहुधा पाच तारखेला खात्यात पुरेशी शिल्लक नव्हती. बऱ्याच बँका या सूचना दिवसाच्या सुरुवातीलाच चालवतात, त्यामुळे त्याच दिवशी दुपारी जमा झालेला पगार कामी येत नाही. पगाराच्या तारखेलाच सूचना ठेवण्याऐवजी दोन-तीन दिवस पुढची तारीख ठेवली तर हा घोळ टळतो. काही बँका पुन्हा प्रयत्न करतात, काही ती फेरी सोडून देतात, आणि सलग काही वेळा अपयश आलं की काही बँका सूचनाच बंद करतात. म्हणून एकदा फेरी चुकली की पुढच्या महिन्यात मुद्दाम लक्ष द्यावं.

मग शेवटची तारीख किंवा उरलेल्या फेऱ्या पाहा. सूचना देताना १२ वेळा असं निवडलेलं असतं आणि वर्षभराने ते कोणाच्या लक्षात राहत नाही. तेरावा हप्ता जात नाही, कारण बँकेच्या लेखी काम पूर्ण झालेलं असतं. बरीच पानं उघडल्यावर फक्त चालू सूचना दाखवतात. संपलेल्या पाहायच्या असतील तर वरच्या फिल्टरमध्ये Expired, Completed किंवा All निवडावं लागतं. सूचना यादीतून गायब झाली असं वाटतं, तेव्हा ती बहुतेक तिथे सापडते.

तिसरी गोष्ट सूचना बदलणाऱ्यांसाठी. भाडं ८,००० वरून ८,५०० झालं. काही बँकांत रक्कम बदलता येत नाही, नवीन सूचना द्यावी लागते. नवी दिली आणि जुनी रद्द करायची राहिली, तर यादीत एकाच खात्याच्या नावे दोन Active ओळी दिसतात आणि पाच तारखेला १६,५०० जातात. बदल केल्यावर यादीत त्या व्यक्तीच्या नावापुढे एकच ओळ आहे ना, हे मोजून घ्या.

रद्द केलेली सूचना तपासतानाही तसंच. स्थिती Cancelled किंवा Deleted हवी आणि पुढची तारीख रिकामी हवी. अगदी त्याच दिवशी किंवा आदल्या रात्री रद्द केली, तर ती फेरी यंत्रणेने आधीच उचललेली असू शकते. दोन दिवस हाती ठेवून रद्द करणं बरं. फक्त पैसे घेणाऱ्याचं नाव यादीतून काढून टाकलं म्हणजे सूचना रद्द झाली, असं समजू नका. काही बँका आधी सूचना रद्द करायला लावतात, काही नाव काढू देतात आणि सूचना तशीच पडून राहते.

सगळं बरोबर केलं, तरी बँकेने चेक वटवला तर?

चेक वटण्याआधी सूचना लागू होती हे दाखवता आलं, तर पैसे देण्याचा अधिकार बँकेकडे उरलेला नव्हता आणि रक्कम परत मागण्याचा तुमचा दावा भक्कम असतो. इथे पडद्याचा तो फोटो, संदर्भ क्रमांक, मेसेजची वेळ आणि उताऱ्यातली चेक वटल्याची नोंद हे सगळं एकत्र लावा. तक्रार लेखी करा आणि तीत नेमकी वाक्यं लिहा: अमुक तारखेला, अमुक वाजता चेक क्रमांक ४१२३०९ वर स्टॉप पेमेंट लागू झालं, त्याची स्थिती Stopped दिसत होती, आणि अमुक तारखेला तो वटवला गेला. सूचना कोणत्या वेळी नोंदली गेली आणि चेकला मंजुरी कोणत्या वेळी दिली, या दोन्ही वेळा बँकेने लेखी कळवाव्यात, अशी मागणीही त्यातच करा. बँकेने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक नसलं किंवा ३० दिवसांत काहीच उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेला केलेली तक्रार आणि तिची पोच मात्र सोबत जोडावी लागते.